बीअर सोडली, भात सोडला, तरी पोट का सुटतंय?

वाचकाचं पत्र: ताई, माझं वय ३८, वजन ८२ किलो, हिंगण्याला नोकरी. दोन वर्षांत पॅन्टचा नंबर ३४ वरून ३८ वर गेला. मी रोज पिणारा माणूस नाही, बुधवारी अन् शनिवारी मित्रांसोबत बसतो, तीन पेग, कधीमधी चार. बीअरनं पोट सुटते म्हणून व्हिस्कीवर आलो, तिच्यात साखर नाही, फॅट नाही. बसायचं असलं की दुपारचं जेवण टाळतो, रात्रीही जास्त जेवत नाही. सकाळी अंबाझरीला ४५ मिनिटं चालतो. घरच्यांनी सांगितलं म्हणून भातही बंद केला. तरी पोट वाढूनच राहिलं, हातपाय मात्र तसेच आहेत. थायरॉइड नॉर्मल आहे. दारूनं खरंच पोट वाढते का? अन् पूर्ण न सोडता काही करता येते का? – एक वाचक, नागपूर

---

भाऊ, मोकळेपणानं लिहिलंत हे बरं केलं. पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन गोष्टी मला त्यात सापडल्या नाहीत. एक म्हणजे चखना, त्याचा एका शब्दानंही उल्लेख नाही. आणि दुसरं, पेग नेमका किती मिलीचा. वजनासाठी माझ्याकडे येणारे बहुतेक पुरुष याच दोन गोष्टी सांगायच्या विसरतात, लपवतात असं नाही, त्यांना ते खाण्यापिण्यात मोजायचंच सुचत नाही. चपात्या किती, भात किती, चहात साखर किती हे पाठ असतं, बैठकीतलं मात्र कुठेच धरलेलं नसतं.

तर आधी पेग घेऊ. व्हिस्कीत साखर नाही, फॅट नाही हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यावरून कॅलरी नाहीत असं जे तुम्ही धरून चाललात ते चुकलं. अल्कोहोल ही स्वतःच ऊर्जा आहे. एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून ४ कॅलरी मिळतात, प्रोटीनमधून ४, तेलातुपातून ९, आणि अल्कोहोलमधून ७. म्हणजे ते साखरेपेक्षा तेलाच्या जास्त जवळ आहे. बाटलीवर कॅलरी बहुतेक वेळा छापलेल्या नसतात, पण टक्के छापलेले असतात आणि तेवढ्यावर घरबसल्या हिशेब होतो. जेवढे मिली प्यायलात त्याला बाटलीवरच्या टक्क्यांनी गुणायचं, शंभरनं भागायचं आणि जे येईल त्याची साडेपाचपट करायची. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडकावर साधारण ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल झालं जवळपास २६ मिली आणि त्याच्या कॅलरी झाल्या १४०. स्मॉलच्या ७०. तीन लार्ज म्हणजे अख्खी क्वार्टर, तिच्या सव्वाचारशे. रंग पांढरा असो की तांबडा, बाटली सहाशेची असो की सहा हजारांची, टक्के तेच असतील तर हिशेब तोच. व्होडका हलकी असते, रमनं अंग सुटतं वगैरे जे बोललं जातं त्याला अर्थ नाही.

आता बीअर. ६५० मिलीच्या स्ट्राँग बाटलीत ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं, तर त्याच सूत्रानं त्या बाटलीतल्या नुसत्या अल्कोहोलच्या कॅलरी होतात २८५ च्या आसपास, म्हणजे बरोबर दोन लार्ज पेगांएवढ्या. वर धान्यातून आलेल्या पिठूळ भागाच्या आणखी ऐंशी-शंभर. म्हणजे बीअर काही हलकी नाही, बदनामी तिनं थोडीफार कमावलेलीच आहे, पण तुम्ही एक बाटली सोडून तीन लार्जवर आला असाल तर अल्कोहोल दीडपट झालं आणि कॅलरी पन्नासेक वाढल्या. त्यात कोला टाकत असाल तर २५० मिलीच्या एका बाटलीत २६ ग्रॅमच्या आसपास साखर असते, शंभराच्या वर कॅलरी, आणि तीन पेगांना दोन बाटल्या सहज लागतात. तुम्ही साखर नाही असं लिहिलंय त्यामुळे सोडा किंवा पाणीच घेत असाल असं मानायला मला आवडेल, पण बहुतेकांचं तसं नसतं म्हणून हिशेब मांडताना कोला धरणार आहे, नसेल तर वजा करा.

पेगचं माप आज रात्रीच करून बघा. नेहमीचा ग्लास घ्या, डोळ्यांच्या अंदाजानं जेवढी व्हिस्की ओतता तेवढं नुसतं पाणी ओता, आणि मग ते पाणी लेकरांच्या खोकल्याच्या औषधासोबत येणाऱ्या खुणांच्या प्लास्टिकच्या टोपणानं मोजा. त्या टोपणावर बहुधा ५, १० मिलीच्या रेघा असतात. साठच्या ठिकाणी ऐंशी-नव्वद भरलं तर नवल मानू नका, बारमध्ये मापानं देतात, घरी किंवा मित्राच्या गच्चीवर बाटली ज्याच्या हातात असते त्याच्या मनावर माप असतं. आणि दुसऱ्या पेगापासून ते वाढतच जातं. ९० मिलीचे तीन म्हणजे तीन नाहीतच, साडेचार झाले.

आता तुमच्या प्रश्नातली खरी गोम. सव्वाचारशे कॅलरी तुम्ही जेवणातून घेतल्या असत्या तर तीन पोळ्या, वाटीभर वरण, थोडी भाजी असं काहीतरी पोटात गेलं असतं आणि तुम्ही ताटावरून तृप्त होऊन उठला असतात. क्वार्टरनंतर असं होतं का? उलट तेव्हाच कोणीतरी म्हणतं की चला आता काहीतरी मागवा. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत, जठर ताणलं जाणं, चावण्यात गेलेला वेळ, प्रोटीन आणि चोथा आतड्यात पोचल्यावर तिथून सुटणारी हार्मोन्स. दारूत यातलं काहीच नाही. ती चावावी लागत नाही, तिच्यात प्रोटीन नाही, चोथा नाही, थोडी जठरातूनच आणि बाकीची लहान आतड्यातून झपाट्यानं रक्तात जाते. बीअरनं थोडा वेळ पोट फुगल्यासारखं वाटतं, पण ते पाणी आणि गॅस, आणि अल्कोहोलमुळे शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन दबतं म्हणून ते पाणीही लघवीवाटे पटापट निघून जातं.

म्हणजे कॅलरी आल्या, पण शरीरानं त्या नोंदवल्याच नाहीत, आणि जेवण त्या हिशेबानं कमी झालं नाही. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण अल्कोहोल भूक वाढवतंसुद्धा. जेवणाआधी थोडी दारू दिली तर लोक नंतर जास्त खातात हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. २०१७ मध्ये लंडनच्या संशोधकांनी उंदरांवर काम करून दाखवलं की मेंदूतल्या ज्या पेशी उपाशीपणी जाग्या होतात त्याच अल्कोहोलनंही जाग्या होतात, म्हणजे ऊर्जा आत येत असताना मेंदूला मात्र उपासमारीची वर्दी जात असते. उंदरांचं जसंच्या तसं माणसाला लावता येत नाही हे खरं, पण तुमचा बैठकीतला अनुभव आठवून बघा. शिवाय दोन पेगांनंतर मनाचा लगाम सैल होतो, जो माणूस दुपारी भाताला नाही म्हणाला तोच रात्री साडेअकराला तिसरी भाकरी मागतो आणि सकाळी त्याला दोनच आठवतात.

आता पोटाकडे येऊ. इथे एक गोष्ट लोकांना वाटते त्यापेक्षा वेगळी आहे. दारूची थेट चरबी होते असं बहुतेकांना वाटतं, तर तसं फार थोडं होतं, प्यायलेल्या अल्कोहोलपैकी जेमतेम काही टक्केच चरबीत बदलतं. खरा घोळ वेगळा आहे. शरीरात साखर साठवायला जागा आहे, चरबी साठवायला तर भरपूर जागा आहे, पण अल्कोहोल साठवायला जागाच नाही. आणि त्यापासून मधल्या टप्प्यात जे ॲसिटाल्डिहाइड तयार होतं ते विषारी असतं. म्हणून लिव्हर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी तेच संपवायला घेतं. फाटकावर मालगाडी आली की दोन्ही बाजूच्या गाड्या उभ्या राहतात तसं, चरबी जाळायचं काम त्या काळात पुष्कळच थांबतं. आणि ही मालगाडी लांब असते, कारण लिव्हरचा वेग ठरलेला आहे, साधारण तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल. एका लार्ज पेगमध्ये २० ग्रॅम, तीनमध्ये ६०. साडेआठला पहिला घोट घेतला असेल तर हे काम संपायला पहाटेचे तीन-चार वाजतात. लिंबूपाणी पिऊन, चालून, थंड पाण्यानं अंघोळ करून हा वेग वाढत नाही.

आता बघा, या सात-आठ तासांत पोटात काय काय जातं. मसाला शेंगदाणे, शेव-चिवडा, चिकन फ्राय, आणि शेवटी सावजीचा रस्सा, ज्याच्यावर बोटभर तर्री तरंगत असते. यातलं तेल, चरबी जाळायला शरीराला त्या वेळी सवड नसते म्हणून ते सरळ साठ्यात जातं. म्हणजे तुमच्या पोटावर जे चढलं ते थेट व्हिस्कीचं कमी आणि व्हिस्की सुरू असताना खाल्लेल्या शेंगदाण्याचं अन् रश्श्याचं जास्त. पण यावरून दारू निर्दोष सुटली असा निकाल नका काढू, कारण ते तेल न जळायला आणि ते खाण्याची इच्छा व्हायला, दोन्हीला तीच कारण आहे.

इथे एक खरं सांगायला हवं. फाटक उघडलं की साचलेल्या गाड्या जातातच, दुसऱ्या दिवशी चरबी जळायचं काम पुन्हा सुरू होतं. तुम्ही एकूण जेवढं खर्च करता तेवढंच खाल्लं-प्यायलं असेल तर आठवड्याच्या शेवटी पोटावर काहीच राहणार नाही. अल्कोहोलमध्ये पोट वाढवायची काही जादू नाही, बेरीज जास्त होते म्हणून ते वाढतं. तर ती बेरीजच करू.

शनिवारची एक बैठक अंदाजानं मांडते, तुमचे आकडे वेगळे असतील तर बदला. तीन लार्ज आणि दोन कोला मिळून झाल्या साडेसहाशेच्या जवळपास. चखना म्हणून गप्पांत साठ ग्रॅम मसाला शेंगदाणे गेले, म्हणजे दोन मुठी, आणि पन्नासेक ग्रॅम शेव-चिवडा, मिळून झाल्या सहाशे. तुम्ही "रात्री जास्त जेवत नाही" म्हणता म्हणून जेवण कमीच धरते, सावजी मटणाची एक वाटी आणि दोन भाकरी, सहाशे. एकूण साडेअठराशे. आता साध्या दिवशी तुमचं दुपारचं आणि रात्रीचं जेवण मिळून साधारण तेराशे धरलं, तर दुपारचं अख्खं जेवण टाळूनही शनिवारी साडेपाचशे जास्त झाले. ८२ किलोच्या माणसाचं अंबाझरीचं ४५ मिनिटांचं चालणं दोनशेच्या आसपास कॅलरी खर्च करतं, म्हणजे एका बैठकीसाठी वरचे अडीच-पावणेतीन फेरे. बुधवारही धरा, रविवारी सकाळी डोकं जड असताना तर्री-पोहे आणि वर समोसा तो या हिशेबात धरलेलाच नाही, तरी महिन्याला अर्ध्या किलोच्या वर चरबीएवढी ऊर्जा शिल्लक राहते. प्रत्यक्षात तेवढं चढत नाही कारण वजन वाढलं की शरीराचा खर्चही वाढतो, पण दोन वर्षांत पॅन्टचा नंबर बदलायला हे पुरेसं आहे. आणि बघा, साडेअठराशेमधला दारूचा स्वतःचा वाटा चौथ्या हिश्श्याहून कमी आहे, म्हणूनच तो कुणाच्या डोळ्यात भरत नाही.

हातपाय तसेच आहेत असं तुम्ही लिहिलंत, तर चरबी पोटावरच का आणि हातापायांवर का नाही ते सांगते. पुरुषांमध्ये जास्तीची चरबी मुळातच पोटात, आतड्यांच्या भोवती साठते, बायकांची पाळी थांबेपर्यंत मांड्या-नितंबांवर जास्त साठते. त्यात आपण भारतीय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या एका सहकारी डॉक्टरांचा फोटो शेजारी ठेवून हे दाखवलं होतं, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी त्यांची २१ टक्के आणि त्या गोऱ्या सहकाऱ्यांची ९ टक्के. हातपाय बारीक आणि चरबी आत, ही आपली घडण आहे. म्हणून वजनकाट्यापेक्षा कंबर बघायची. पॅन्टच्या नंबरावर जाऊ नका, पोट सुटलं की माणूस पॅन्ट पोटाच्या खाली घालायला लागतो आणि नंबर खोटं बोलतो. सर्वात खालची बरगडी आणि कंबरेचं हाड याच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता टेप लावा. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही आपल्याकडची हद्द. तुमचा ३८ चा पॅन्ट बघता तुम्ही ती ओलांडली असणार असं मला वाटतं.

आता तुमच्या दोन उपायांबद्दल, जे तुम्ही चांगल्या हेतूनं केलेत आणि जे तुमच्या विरोधात जाऊन राहिले. दुपारचं जेवण टाळणं हा त्यातला मोठा. रिकाम्या पोटी दारू जठरातून लवकर पुढे सरकते, चटकन चढते, लगाम लवकर सुटतो. आणि लिव्हरचं अजून एक काम असतं, आपण उपाशी असताना रक्तातली साखर टिकवून धरायची, ते कामही अल्कोहोलमुळे मागे पडतं. म्हणून सकाळपासून उपाशी राहून प्यायलेल्या माणसाला रात्री हात थरथरणं, घाम, आणि वेड्यासारखी भूक लागते. त्या भुकेला काकडी चालत नाही हो, तिला तळलेलंच लागतं. ज्यांना शुगर आहे आणि जे इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी हे वाचून ठेवा, त्यांच्यासाठी हा नुसता पोटाचा मामला नाही, झोपेत साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते आणि घरच्यांना वाटतं की पिऊन पडलाय. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पेगही घेऊ नये.

दुसरा उपाय भात. वाटीभर भात म्हणजे दोनशेच्या आत कॅलरी, सोबत वरण असेल तर पोट भरतं, रात्री झोप लागते. तो बंद करून जेवढं वाचवलंत तेवढं एका लार्ज पेग आणि अर्ध्या मुठीच्या शेंगदाण्यात परत आलं. भात परत सुरू करा, दुपारी खा, बैठकीच्या दिवशी तर नक्की खा.

मग करायचं काय? सगळ्यात सोपा आणि शरीराला सगळ्यात चांगला रस्ता पूर्ण सोडण्याचाच आहे, हे मी लपवणार नाही. दारूची कुठलीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, आणि त्यामागे पोट नाही, कॅन्सर आहे. सोपा म्हणते कारण दोन पेग घेतल्यावर तिसरा नाकारणं जेवढं अवघड तेवढं पहिलाच न घेणं अवघड नसतं. पण तुम्ही न सोडता काय करता येईल हे विचारलंय, तर त्याचंही नीट उत्तर देते.

बुधवार बंद करा. दोन्ही दिवशी थोडं थोडं कमी करू असं ठरवलं तर महिनाभरात पहिल्यासारखं होतं, असं मी फार बघितलंय, एक दिवस पूर्ण गेला की तो जातो. शनिवारी दुपारी नेहमीचं जेवण घ्या आणि बसायच्या आधी, सातच्या सुमारास, रात्रीचंही जेवून घ्या. हे ऐकायला विचित्र वाटेल, मित्र हसतीलही, पण हा यातला सगळ्यात कामाचा बदल आहे. दोन भाकरी, डाळ किंवा झुणका, वाटीभर दही, हवी तर दोन उकडलेली अंडी. प्रोटीन पोटात असलं की दारू हळू चढते आणि साडेअकराची भूक लागतच नाही, कारण जेवण झालेलं असतं. सावजी खायचंच असेल तर ते या सातच्या जेवणात खा, वरची तर्री चमच्यानं बाजूला काढून, पेगच्या मागून नको.

पेग ३० मिलीचा, मापानं, तीन. चौथा नाही. साध्या सोड्यात किंवा पाण्यात. झीरो कोल्यात कॅलरी नसतात हे खरं, पण साखर नसलेल्या पेयात मिसळलेली दारू जठरातून लवकर निघते आणि साखरवाल्यापेक्षा जास्त चढते, त्यामुळे दोन पेगांच्या मध्ये वेळ जाऊ द्या, मध्ये एक ग्लास साधं पाणी. टॉनिक वॉटरला सोडा समजू नका, त्यात साखर असते. चखना पाकिटातून किंवा सगळ्यांच्या मोठ्या ताटातून खाऊ नका, आपली वेगळी वाटी घ्या, त्यात मूठभर फुटाणे, सोबत काकडी, मुळा, टोमॅटो, लिंबू पिळून, आणि ती संपली की संपली. फुटाण्याची मूठ शंभर-सव्वाशे कॅलरीची आहे, शेंगदाण्याची तेवढीच मूठ पावणेदोनशेची.

हे सगळं केल्यावरचा शनिवार मोजला तर दोन्ही जेवणं तेराशे, पेग दोनशे दहा, चखना सव्वाशे. म्हणजे अजूनही साध्या दिवसापेक्षा तीनशे पस्तीस जास्तच आहे, शून्य झालेलं नाही. पण आधी आठवड्याला अकराशे होतं ते तीनशे पस्तीस झालं, आणि तेवढं तुमचं चालणं रोज दहा-बारा मिनिटं वाढवून निघून जातं. आधीचं काढायला रोज पस्तीसेक मिनिटं जास्त चालावं लागलं असतं.

बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्रीत लोक तहान भागवायला थंड बीअर उघडतात, तर आधी दोन ग्लास पाणी किंवा ताक प्या, तहान भागली की बीअर पहिल्या वेगानं जात नाही, आणि उष्म्यात लघवीवाटे पाणी घालवणारं पेय तहानेसाठी तसंही चुकीचं. ज्या बायका वाइन म्हणजे हलकं असं समजून घेतात त्यांनी तेच सूत्र लावावं, १२ टक्क्यांचा १५० मिलीचा ग्लास शंभर कॅलरीचा, पण घरच्या मोठ्या ग्लासात अडीचशे मिली मावतं. आणि बाटलीतली रंगीत गोड पेयं, किंवा पाकिटातल्या संत्र्याच्या ज्यूसमधली व्होडका, यात अल्कोहोलच्या वर साखर मोजावी लागते. मोहाची दारू घेणाऱ्यांना मात्र हा हिशेब लावताच येणार नाही, तिचे टक्के कुठे लिहिलेले नसतात.

टेप दर रविवारी सकाळी नको, महिन्यातून एकदा लावा, एकाच जागी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. दोन महिन्यांत दोन-तीन सेंटिमीटर कमी झालं तर रस्ता बरोबर आहे. वजन तेवढं हललं नाही तरी चालेल. काहीच हललं नाही तर आधी पेगचं माप पुन्हा पाण्यानं तपासा, दहातल्या सात वेळा तिथेच सापडतं.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर आहाराचा सल्ला बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जायचं. पोट काही आठवड्यांतच भराभर वाढून टणक आणि ताणलेलं लागणं, पायावर सूज, डोळे पिवळे, शौचाला काळं होणं. असं वाढलेलं पोट चरबीचं नसतं, त्यात पाणी झालेलं असू शकतं. आणि जे रोज पितात, सकाळी हात थरथरतात, त्यांनी हे वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये, अचानक थांबवल्यानं फिट्स येऊ शकतात, मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत दाखवून औषधांच्या आधारानं सोडायची असते.

तुम्हाला यातलं काही दिसत नाहीये, पण दोन वर्षांत कंबर एवढी वाढली म्हणून पोटाची सोनोग्राफी, लिव्हरची एलएफटी ही रक्ततपासणी, उपाशीपोटीची शुगर आणि ट्रायग्लिसराइड एकदा करून घ्या. रिपोर्ट बरे आले तर वर लिहिलेला शनिवार चालू ठेवून बघू. फॅटी लिव्हर आलं, आणि तुमच्या कंबरेच्या माणसाला ते येण्याची शक्यता बरीच असते, तर मग ३० मिलीचे तीनही नकोत, किमान पुढची सोनोग्राफी होईपर्यंत शनिवारी ताटलीत फुटाणे आणि ग्लासात लिंबू-सोडा एवढंच.